सोनाराला मेसेज टाकतोय: साखरपुड्याची अंगठी, नीलम, बजेट दीड लाख. जरा तपासून द्या

आळशी_मंदार
लोकहो, साखरपुडा दोन महिन्यांवर आलाय आणि अंगठी ऑर्डर देऊन बनवून घ्यायचं ठरलंय. हिला हिरा नकोय, निळा खडा हवाय, म्हणजे नीलम (आईला अजून नीट सांगितलेलं नाही, तो वेगळा धागा होईल). बाजूला दोन बारके हिरे चालतील म्हणाली. घरचा असा सोनार नाही म्हणून तीन दुकानांना व्हॉट्सअॅपवर हा मेसेज टाकला:

"नमस्कार. मला एंगेजमेंट रिंग बनवून घ्यायची आहे. मधे नीलम आणि बाजूला दोन छोटे हिरे. बजेट दीड लाख. खडा चांगल्या क्वालिटीचा हवा. कृपया कोट पाठवा."

पहिल्याचं उत्तर: "सर शोरूमला व्हिजिट करा 🙏". दुसऱ्याचं: "1.45 मध्ये होऊन जाईल सर". तिसऱ्याने ब्ल्यू टिक दिली आणि संपलं. आता 1.45 मध्ये नक्की काय होऊन जाईल ते मला कळेना. मेसेजमध्ये काय चुकलं? बजेट सांगायला नको होतं का?

पुणेरी_गिऱ्हाईक
तिथेच चुकलात. बजेट कधीही, कधीही सांगायचं नाही. दीड लाख म्हटलं की सव्वा लाखाची वस्तू 1 लाख 45 ला बसते, बघा तंतोतंत तसंच झालंय. आधी भाव काढायला लावायचा, मग "जरा जास्त होतंय हो" म्हणत उठायचं. जिन्यापर्यंत गेलं की हाक येते.

शेवटचा_बाक
जिन्यापर्यंत गेलो, हाक आली नाही. छत्री पण आतच राहिली होती.

मृण्मयी_एनजे
इथे न्यू जर्सीत तर दुकानात शिरल्यावर पहिला प्रश्नच बजेट किती हा असतो आणि न सांगता पुढे सरकतच नाही काही. मला वाटतं सांगायला हरकत नाही. मंदार, तू बोटाचा साइज लिहिलाच नाहीयेस पण! आणि लिहिशील तेव्हा कुठल्या देशाचा ते पण लिही. माझ्या बहिणीने मी व्हॉट्सअॅपवर पाठवलेला "साइज 6" तसाच्या तसा ठाण्याच्या सोनाराला दिला, अमेरिकन 6 म्हणजे आपल्याकडचा साधारण 12, आणि त्याने इमाने इतबारे भारतीय 6 ची बनवली. बाळाच्या बारशाला द्यावी अशी अंगठी आली.

निवृत्त_झवेरी
मी मुंबईत झवेरी बाजारात एका पेढीवर सव्वीस वर्षं होतो, त्यातली बरीचशी खड्यांच्या टेबलावर. दुकानदाराच्या बाजूने सांगतो म्हणून रागावू नका.

बजेट सांगायचं. ऑर्डरच्या मालात बजेट माहीत नसेल तर दुकानदार खडा आणणार कुठून? नीलम काही हजार रुपये कॅरेटपासून पुढे कुठवरही जातो. दुकानात तो शिल्लक पडलेला नसतो, दलालाकडून जांगडवर, म्हणजे पसंत पडला तर पैसे नाहीतर परत अशा बोलीवर, मागवावा लागतो, आणि कुठल्या भावाचे तुकडे मागवू हे ठरवायला आकडा लागतो. आकडा नसला की गिऱ्हाईक वेळ काढतंय असं समजून ब्ल्यू टिक मिळते.

चूक बजेट सांगण्यात नाही, नुसतं बजेट सांगण्यात आहे. "चांगली क्वालिटी" हे काही माप नव्हे. तुम्ही पैसे पक्के केलेत आणि बाकी सगळं मोकळं सोडलंत. मग तो पैशाला बसेल अशी वस्तू सांगणारच, पुणेरी म्हणतात तसं. पैसे पक्के केले तर बदल्यात त्याला चार गोष्टी पक्क्या करायला लावायच्या, सोनं किती, खडा केवढा, खड्यावर काय प्रक्रिया झाली आहे, आणि प्रत्येकाची रक्कम वेगळी. म्हणजे तीन दुकानांचे कागद शेजारी ठेवून बघता येतात. आत्ता तुमच्याकडे "1.45" आहे, तो कशाच्या शेजारी ठेवणार?

पुणेरी_गिऱ्हाईक
काका, तत्त्वतः मान्य, तरी दीड असताना सव्वा सांगावं असं माझं मत कायम आहे.

निवृत्त_झवेरी
सांगा. मग खडा सव्वाच्या हिशोबाचा येईल आणि तुम्ही म्हणाल दुकानात माल चांगला नाही.

कोल्हापुरी_मिसळ
अहो एवढं कशाला. बीआयएसचा हॉलमार्क बघायचा, सहा अक्षरी एचयूआयडी नंबर अॅपमध्ये टाकून तपासायचा, विषय संपला. सरकारी शिक्का आहे म्हणजे अंगठी अस्सल, खडा काय नि सोनं काय.

वैद्य_नसलेली
मिसळ, अर्धंच बरोबर आहे. हॉलमार्क फक्त सोन्याचा, खड्याशी त्याचा काही संबंध नाही. 18 कॅरेट सोन्यात निळी काच बसवली तरी त्यावर 750 चा शिक्का नियमात बसतो. आणि 2 ग्रॅमच्या आतल्या वस्तूला हॉलमार्कची सक्तीसुद्धा नाही, नाजूक अंगठ्या कधी कधी तेवढ्याच भरतात.

माझा अनुभव पाचूचा आहे, विषय जरा बाजूला जातोय पण सांगते. माझ्या साखरपुड्याच्या अंगठीत पाचू होता. दोन वर्षं रोज घातली, मग पाडव्याला एका दुकानात साफ करायला दिली, नाव नाही घेत. त्यांनी ती थरथरणाऱ्या पाण्याच्या मशीनमध्ये टाकली आणि बाहेर आली तेव्हा खड्यात कोळ्याचं जाळं. मी म्हटलं तडे पाडलेत तुम्ही. ते म्हणे तडे आधीपासूनच होते मॅडम, तेल भरलेलं होतं ते निघालं. आणि ते खरंही होतं, नंतर चौकशी केली तर पाचूत तेल भरणं सर्रास चालतं. पण विकताना कोणी बोललं होतं का? मी तरी विचारलं होतं का? म्हणून काका म्हणतात ते "प्रक्रिया" वालं लेखी घे बाबा.

आळशी_मंदार
@वैद्य_नसलेली बाप रे. @काका, नीलमात पण तेल असतं का? आणि खडा "केवढा" म्हणजे कॅरेट लिहू ना? हिला साधारण एक कॅरेट हवाय, इन्स्टावर एक कॅरेटची हिऱ्याची अंगठी बघितलीय तिने, तेवढा दिसायला हवा म्हणते.

निवृत्त_झवेरी
तेवढा दिसणार नाही. नीलम हिऱ्यापेक्षा जड असतो, त्यामुळे तेवढ्याच वजनाचा नीलम वरून लहान दिसतो. एक कॅरेटचा गोल हिरा साडेसहा मिलिमीटरचा भरतो, एक कॅरेटचा गोल नीलम सहाच्या आसपास. लंबगोल घेतलात तर साधारण 7 बाय 5 मिलिमीटरला एक कॅरेट. म्हणून मागणी मिलिमीटरमध्ये करा, कॅरेट मागून सांगा. डोळ्याला मिलिमीटर दिसतात, बिलात कॅरेट येतात.

त्यातही एक गोम आहे. नीलम महाग असल्यामुळे पैलू पाडणारा वजन वाचवायला बघतो आणि खड्याचं पोट खाली फुगवून ठेवतो. ते पोट अंगठीच्या आत बसतं, बोटावर कोणाला दिसत नाही, पण त्याचे पैसे कॅरेटने तुम्ही देता. उलट कुणी फार चपटा कापला तर वरून मोठा दिसतो, पण मधोमध रंग फिका पडून आरपार दिसतं. बघायची रीत सोपी आहे. खडा सुटा असताना वर्तमानपत्रावर ठेवायचा आणि वरून सरळ बघायचं. मधून अक्षरं वाचता आली तर तो खडा सोडा.

तेलाचं विचारलंत. नीलमात मुख्य प्रक्रिया तापवण्याची. बाजारातला बहुतेक नीलम तापवलेला असतो, रंग खुलतो, कायमचा राहतो, त्यात फसवणूक काही नाही. फक्त न तापवलेल्याचा भाव कितीतरी जास्त, तेव्हा तो भाव लावला असेल तर रिपोर्टमध्ये तसं लिहिलेलं पाहिजे. नको तो प्रकार म्हणजे काच भरलेला. हलक्या, भेगाळलेल्या मालात निळी काच मुरवतात. दिसायला छान, भावाने फारच स्वस्त. पुढे कधी अंगठीचा साइज वाढवायला दिली आणि कारागिराने डाग देऊन नेहमीसारखी आम्लात टाकली की काच खाल्ली जाते आणि खडा खरबरीत, पांढरट होऊन बाहेर येतो. मग सगळेच त्या बिचाऱ्या कारागिराच्या अंगावर जातात.

शेवटचा_बाक
म्हणजे नीलम घ्यायला जाताना पेपर घेऊन जायचा. दुकानदार विचारेल, "काय दाखवू?" आपण: "अग्रलेख वाचतोय, जरा थांबा."

ज्योती_अनंत
मंदार, कुणाची पत्रिका बघितलीय का? नीलम सगळ्यांना लाभत नाही. शनीचं रत्न आहे. माझ्या दिरांनी घातला आणि आठ दिवसांत स्कूटरवरून पडले. निदान सव्वापाच रत्तीचा, शनिवारी, मधल्या बोटात, असं सगळं विचारून घ्या. आधी तीन रात्री उशाखाली ठेवून स्वप्नं कशी पडतात बघतात.

आळशी_मंदार
ज्योतीताई, ती दागिना म्हणून घालतेय हो, रत्न म्हणून नाही. तिच्या लेखी तो फक्त निळा रंग आहे. पण तुम्ही जे लिहिलंय ते अक्षरशः आमच्या आईचे संवाद आहेत, तुम्ही आईच तर नाही ना?

ज्योती_अनंत
नाही, पण तिचा नंबर पाठवून द्या 😄

सांगलीकर_७७
दीर स्कूटरवरून पडले त्यात शनीपेक्षा आमच्या गल्लीतल्या रस्त्याचा हात जास्त असावा.

निवृत्त_झवेरी
श्रद्धेत मी पडत नाही, सव्वीस वर्षांत दोन्ही बाजूची गिऱ्हाइकं बघितली. पण रत्तीवरून आठवलं, कोट रत्तीत आला तर कॅरेटमध्ये मागून घ्या. रत्नवाल्यांची रत्ती कॅरेटपेक्षा थोडी कमी, साधारण 0.91 कॅरेट. सोनाराची जुनी रत्ती त्याहून पुष्कळच हलकी. एकाच शब्दात दोन वजनं आहेत, तिथे वाद घालायची वेळ येऊ देऊ नये.

मीनल_कोथरूड
मला सोन्याच्या हिशोबाबद्दल विचारायचंय. माझ्या चुलतभावाच्या अंगठीच्या बिलात "वजन" एकच लिहिलं होतं, खड्यासकट. ते बरोबर असतं का? म्हणजे खड्याचे पैसे वेगळे लावले आणि परत सोन्याच्या भावानेही तोच खडा तोलला, असं झालं ना?

हिशोबनीस
अगदी तसंच झालं. मी दागिन्यांच्या धंद्यात नाही, सीए आहे, पण अशी बिलं बघण्यात येतात. मंदारच्या अंगठीवरच करून दाखवतो. भाव हिशोबापुरता धरतोय, 18 कॅरेट ग्रॅमला 9,500, तुम्ही त्या दिवशीचा घाला.

समजा अंगठी तयार झाल्यावर काट्यावर 4.60 ग्रॅम भरली. नीलम 1.30 कॅरेटचा, दोन हिरे मिळून 0.20 कॅरेट, म्हणजे दीड कॅरेट खडे. पाच कॅरेटचा एक ग्रॅम, तेव्हा खडे झाले 0.30 ग्रॅम. सोनं निव्वळ 4.30. आता कुणी सोन्याचा भाव 4.60 वर लावला तर 2,850 रुपये जास्त गेले. घडणावळ 15 टक्के असेल तर ती त्यावरही लागली, 428. वर 3 टक्के जीएसटी. सगळे मिळून 3,376 रुपये, फक्त "निव्वळ" हा शब्द लिहिला नाही म्हणून.

आता दीड लाखाचं. "बजेट दीड लाख" एवढंच लिहिलंस तर त्यात जीएसटी आहे की नाही यावर शेवटच्या दिवशी तोंडं बघत बसावं लागतं. तयार अंगठीवर पूर्ण रकमेवर 3 टक्के. दीड लाख सगळं धरून असेल तर कराआधीची रक्कम 1,45,631. त्यातून 4.30 ग्रॅम सोनं 40,850, घडणावळ 6,128, बाजूच्या हिऱ्यांना 12,000 धरू. उरले साधारण 86,650. हे तुझं नीलमाचं बजेट. दुकानदाराला खरं तर हा आकडा हवाय, दीड लाख नकोय.

आणि आता त्या "1.45 मध्ये होऊन जाईल" कडे बघ. तो आकडा कराआधीचा असेल तर करासकट 1,49,350. म्हणजे पुणेरींचा संशय बरोबर निघाला म्हणायचं.

पुणेरी_गिऱ्हाईक
नोंद घ्यावी. संस्थळाच्या इतिहासात सीएने मला दुजोरा दिला.

अवली_कारटं
एक शंका. 1.30 कॅरेटला 86 हजार म्हणजे कॅरेटला 66 हजार. लॅबमध्ये बनवलेला नीलम घेतला तर हजार दोन हजारात काम होईल की. रासायनिकदृष्ट्या तोच दगड. उरलेल्यात दोघं बाली फिरून या.

मृण्मयी_एनजे
खरंय, आणि इथे आता निम्म्या मैत्रिणींच्या हिऱ्याच्या अंगठ्या लॅबवाल्याच आहेत, कुणी विचारतही नाही. माझी पण आहे. दीड कॅरेट. नैसर्गिकच्या पैशात अर्धासुद्धा आला नसता.

निवृत्त_झवेरी
त्यात वाईट काही नाही. कृत्रिम नीलम काही आजचा नाही, शंभर वर्षांहून जास्त काळ भट्टीत बनतोय, आजीच्या अंगठीतला "अस्सल" नीलमसुद्धा कधी कधी तोच निघतो. गंमत अशी की फार स्वच्छ, एकसारखा निळा आणि स्वस्त असला की आम्ही आधी तोच संशय घ्यायचो. सांगून घेतलात तर हरकत नाही, फक्त परत विकताना त्याला काही किंमत नाही. मेसेजमध्ये "नैसर्गिक" किंवा "लॅब" यातला एक शब्द हवाच.

अवली_कारटं
काका, साखरपुड्याची अंगठी परत विकायची वेळ आली तर खड्याची किंमत हा सगळ्यात लहान प्रॉब्लेम असेल.

वैद्य_नसलेली
🤣🤣

आळशी_मंदार
काल रात्री बसून नवा मेसेज लिहिला. हिशोबनीसांचे आकडे आणि काकांचं सगळं घातलंय. वाचा आणि झोडपा. (लॅबचं हिला विचारलं. "तूच ठरव" म्हणाली. बायकांच्या "तूच ठरव" चा अर्थ धाग्यावरच्या विवाहितांनी कृपया सांगावा. तूर्तास नैसर्गिक लिहिलंय.)

"नमस्कार. साखरपुड्यासाठी अंगठी ऑर्डर द्यायची आहे, हातात साधारण सात आठवडे आहेत. 18 कॅरेट पिवळं सोनं, हॉलमार्कसह, निव्वळ सोनं 4 ते 4.5 ग्रॅम. बोटाचा साइज भारतीय 12, तुमच्या रिंगांवर परत मापून घेऊ. मधे लंबगोल नैसर्गिक नीलम, साधारण 7 बाय 5 मिमी किंवा थोडा मोठा, तापवलेला चालेल, काच भरलेला किंवा वरून रंग चढवलेला नको. फार गडद, रात्री काळा दिसणारा नको. बाजूला दोन नैसर्गिक हिरे, प्रत्येकी 10 सेंटच्या आसपास. बजेट जीएसटीसकट सगळं मिळून 1,50,000, त्यात नीलमासाठी साधारण 80 ते 86 हजार.

कोटमध्ये कृपया हे वेगवेगळं लिहा: निव्वळ सोन्याचं वजन आणि भाव, घडणावळ, नीलमाचं वजन कॅरेटमध्ये, मिमी माप आणि रक्कम, हिऱ्यांची रक्कम, जीएसटी. नीलमासोबत लॅबचा रिपोर्ट मिळेल का आणि त्याचे पैसे कुणाचे? दोन तीन खड्यांचे दिवसाच्या उजेडातले व्हिडिओ पाठवू शकाल का?"

मीनल_कोथरूड
मस्त झालाय! मी कॉपी करून ठेवतेय, आमच्याकडे पुढच्या वर्षी धाकटीचं आहे.

पुणेरी_गिऱ्हाईक
एवढा लांब मेसेज मला कुणी पाठवला असता तर मी दुकान बंद केलं असतं.

हिशोबनीस
एक राहिलं. सोन्याचा भाव कुठल्या दिवसाचा? आज कोट दिला, तीन आठवड्यांनी अंगठी मिळाली, मधे भाव ग्रॅमला 500 वाढला तर घडणावळ आणि करासकट साधारण 2,550 चा फरक. "अॅडव्हान्स दिल्या दिवशीचा भाव बांधून मिळेल का" हे विचार. काही जण पूर्ण सोन्याचे पैसे भरल्यावरच बांधतात. आणि तयार वजन ठरल्यापेक्षा जास्त भरलं तर काय, तेही आधीच विचारून ठेव.

निवृत्त_झवेरी
मेसेज चांगला आहे. दोन गोष्टी वाढवा. एक, खडा बसवायच्या आधी सुटा दाखवा. एकदा कोंदणात बसला की पोट, आरपार, काही कळत नाही, आणि रिपोर्टवरचं वजन नि माप खड्याशी ताडून बघायलाही तो सुटाच लागतो. दुसरं, आधी डिझाइनचं चित्र आणि मग मेणाचा नमुना किंवा त्याचा फोटो. मेणात बदल फुकट होतो, सोन्यात ओतल्यावर होत नाही. ऑर्डरची वस्तू सहसा परत घेत नाहीत, तेव्हा हे दोन थांबे तेवढेच आपल्या हातात.

रिपोर्ट आला की बाकी काही समजलं नाही तरी शेराची ओळ वाचा. नैसर्गिक की कृत्रिम, तापवल्याच्या खुणा आहेत का, काही भरलंय का, हे तिथे असतं. खडा चांगला की वाईट हे मात्र रिपोर्ट सांगत नाही, ते तुमच्या डोळ्याने. हिऱ्यासारखी ठरलेली प्रतवारी नीलमाला नाही.

वैद्य_नसलेली
आणि दुकानातल्या झगमगीत दिव्याखाली बघू नका, खडा घेऊन दाराशी या. आमच्याकडे मी शेवटी फुटपाथवर उभी राहून बघितला होता दुसरा खडा, नवरा लांब उभा राहिला होता, ओळख दाखवायला तयार नव्हता.

*(नऊ दिवसांनी)*

आळशी_मंदार
अपडेट. पाच दुकानांना पाठवला. दोघांकडून परत "व्हिजिट करा सर 🙏". एकाने फोन करून विचारलं तुम्ही लाइनमधले आहात का (काका, ही तुमची कमाई). दोघांनी नीट कोट दिले.

पहिला: एकूण 1,38,400. स्वस्त वाटला. पण सोन्याचं वजन "अंदाजे 5 ग्रॅम" एवढंच, आणि नीलमापुढे "1.75 कॅरेट, 7 बाय 5". काकांनी वर लिहिलंय 7 बाय 5 ला साधारण एक कॅरेट. मग हे पाऊण कॅरेट कुठे गेलं?

निवृत्त_झवेरी
पोटात.

आळशी_मंदार
😂 मी त्यांना तेच विचारलं जरा सभ्य शब्दांत. ते म्हणाले "डीप कट आहे सर, त्यामुळे रंग चांगला येतो." हे खरं आहे का?

निवृत्त_झवेरी
थोडं खरं आहे. खडा फिका असेल तर खोली ठेवून रंग धरतात. त्यासाठी 1.20, 1.30 पर्यंत जाणं समजू शकतो. 1.75 म्हणजे तुम्ही बोटाच्या बाजूला दिसणारा खडा विकत घेताय. शिवाय कोंदण उंच करावं लागेल, स्वेटरमध्ये अडकेल. दुसरा कोट काय म्हणतो?

आळशी_मंदार
दुसरा: 1,52,900. निव्वळ 4.2 ग्रॅम, घडणावळ 16 टक्के, नीलम 1.22 कॅरेट, 7.1 बाय 5.3, तापवलेला, रिपोर्ट त्यांच्याकडून. व्हिडिओ खिडकीतल्या उजेडातला होता, छान निळा आहे, फक्त एका कडेला रंग किंचित फिका वाटतो. हिला दाखवला तर तिला दिसला नाही, मला दिसतोय, आणि आता तेवढंच दिसतंय. 2,900 वर जातंय, अॅडव्हान्सला भाव बांधून देतायत.

पुणेरी_गिऱ्हाईक
उठा. जिन्याकडे चला.

हिशोबनीस
घडणावळ 16 ची 14 मागून बघ. 4.2 ग्रॅमवर 2 टक्के म्हणजे आठशेच्या आसपास, पण सुरुवात होईल. बाकीचं खड्यात मागावं लागेल.

निवृत्त_झवेरी
नीलमात रंगाचे पट्टे असणं नैसर्गिक आहे, खड्याची जात सांगणारी खूण म्हणा. वरून सरळ बघताना दिसत नसेल तर चालतं, आणि ती फिकी कड खडा धरणाऱ्या पंजाखाली जाईल अशी बसवता येते, कारागिराला सांगा. पण तुम्हाला तेच दिसत राहणार असेल तर दुसरा तुकडा मागवा, जांगडवर आणायला त्याला काही पैसे पडत नाहीत. मी असतो तर काय केलं असतं ते व्हिडिओवरून सांगत नाही.

मृण्मयी_एनजे
मंदार, कोंदण कसलं ठरलं? पंजे की पूर्ण कडा? ही रोज घालणार आणि जिमला जाणार असेल तर मी म्हणेन कडावालंच.

आळशी_मंदार
चार पंजे. तिला कडावालं "काकूंसारखं" वाटतं. (काकू मंडळींची माफी.)

दरम्यान आईला कळलं. मी सांगितलं नाही, व्हिडिओ चुकून फॅमिली ग्रुपवर गेला. दोन दिवस अबोला. मग म्हणाली ठीक आहे, पण बसवायच्या आधी तीन रात्री उशाखाली ठेवून बघायचा. तुझ्या नाही, तिच्या.

काका, सुटा खडा घरी देतात का हो जांगडवर?

निवृत्त_झवेरी
ओळखीच्याला देतात, किंवा पूर्ण रक्कम ठेवून चिठ्ठीवर. नीलमाच्या बाबतीत ही मागणी नवी नाही, दुकानदार हसणार नाही. चिठ्ठीवर वजन आणि माप लिहून घ्या, आणि परत देताना समोर तोलून द्या.

ज्योती_अनंत
बघा. मी म्हटलं नव्हतं? आणि अनामिकेत घालणार असतील तर तेवढा त्रास नाही, शनीचं बोट मधलं.

शेवटचा_बाक
मंदार, तिसऱ्या रात्री वहिनींना स्वप्नात सोनार आला आणि "सर शोरूमला व्हिजिट करा" म्हणाला तर तो शुभ संकेत धरायचा का?

आळशी_मंदार
शनिवारी खडा आणायला चाललोय. पेपर घेतलाय.